सभेची नोटीस : चौदा दिवस आणि ‘ऐनवेळचे विषय’

सप्टेंबर लागला की गृहनिर्माण संस्थांच्या सचिवांची धांदल उडते. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि महाराष्ट्रातील सहकारी कायद्याप्रमाणे त्यापुढच्या सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते.

आदर्श उपविधींनुसार या सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यायची असते. गफलत होते ती ‘पूर्ण’ या शब्दात, कारण नोटीस दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस यात धरायचा नसतो. समजा, २४ सदनिकांच्या एका संस्थेची सभा २१ सप्टेंबरला आहे. मधले १४ दिवस ७ ते २० सप्टेंबर हे होतात, म्हणून नोटीस उशिरात उशिरा ६ तारखेला सदस्यांच्या हाती पडायला हवी. ७ तारखेला वाटली तर एक दिवस कमी भरतो आणि नाराज सदस्याला हरकत घ्यायला आयते कारण मिळते. म्हणून दोन-चार दिवस हाताशी ठेवावेत आणि नोटीस दिल्याची प्रत्येकाची सही पोचवहीत घ्यावी.

विषयपत्रिकेचे पहिले विषय ठरलेले असतात: मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, समितीचा वार्षिक अहवाल, ताळेबंद, लेखापरीक्षण अहवाल, पुढील वर्षासाठी लेखापरीक्षकाची नेमणूक. खरी कसोटी त्यानंतरच्या विषयांत लागते. आपल्या संस्थेची गच्ची गळते आहे. पत्रिकेवर ‘गच्चीबाबत चर्चा’ एवढेच लिहिले, तर चर्चाच होईल. तिथेच वर्गणी ठरवली, तर गैरहजर सदस्य म्हणेल, ‘पैसे काढायचे आहेत हे माहीत असते तर मी आलो असतो.’ त्याचे म्हणणे रास्तच आहे. त्यापेक्षा असे लिहावे: ‘गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी आलेल्या तीन दरपत्रकांवर विचार करून ठेकेदार निवडणे व खर्चासाठी प्रत्येक सदनिकेची वर्गणी ठरवणे.’ दरपत्रकांचा तक्ताही सोबत जोडावा.

शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ असतो. पार्किंगचा दिवा, पाण्याची वेळ अशा किरकोळ गोष्टींसाठी तो ठीक आहे. मोठा खर्च किंवा उपविधीतील बदल त्यात घुसडणे मला सरळ अन्याय वाटतो. असे विषय आधी सूचना देऊनच घ्यायचे असतात.

नोटिशीत तहकूब सभेचा उल्लेखही हवा. गणपूर्ती दोन तृतीयांश सदस्यांची किंवा २०ची, यांत जी संख्या कमी ती; म्हणजे इथे १६. अर्ध्या तासात तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते. सभा १० वाजता असेल, तर तहकूब सभा त्याच दिवशी त्याच ठिकाणी ११ वाजता होईल, असे आधीच लिहून ठेवता येते. तिला गणपूर्ती लागत नाही, पण तिच्यासमोर तेच विषय येतात. म्हणजे मोजकेच सदस्य उरले तरी तिथे वर्गणीचा ठराव होऊ शकतो, आणि हे नोटिशीतच स्पष्ट लिहिले की घरी बसलेल्यांनाही ते कळते.