पाटीवरचं अक्षर शेवटी

समजा, आपण परळच्या एका गणपती कारखान्याचं चित्र एआयकडून करून घेतलं. मूर्ती, मांडव, ओली माती, सगळं जमतं. पाटीवरचं ‘मूर्तिकार’ मात्र बिघडू शकतं. असं का होतं?

म, दीर्घ उकार, र, हलन्त, त, ऱ्हस्व इकार, मग ‘कार’, असा आपण तो शब्द टाइप करतो. पण दिसताना इकार ‘त’च्या आधी येतो आणि ‘र’ रफार होऊन डोक्यावर बसतो. हा नियम आहे. चित्र काढणारं यंत्र अक्षरासारखं दिसणारं काहीतरी काढतं, नियम पाळेलच असं नाही. साम्य म्हणजे अक्षर नव्हे!

म्हणून आपण पाटी कोरीच मागू. तरी खोटी अक्षरं आलीच, तर तेवढा भाग पुसून सपाट करू. मग इंकस्केप किंवा गिंपमध्ये ‘मुक्ता’सारख्या युनिकोड फॉन्टात शब्द टाइप करू. रफार सुटा पडला किंवा इकार ‘त’नंतर दिसला, तर अक्षरजुळणी चुकली असं समजावं. शब्द बरोबर दिसला की त्याचे चार कोपरे पाटीच्या चार कोपऱ्यांच्या कलाने ओढायचे. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांचा थर Multiply केला, की पाटीवरची सावली अक्षरांतूनही दिसते. शेवटी किंचित धूसरपणा द्यायचा, नाहीतर अक्षरं चिकटवलेली वाटतात.

एक पथ्य पाळू या. हे चित्र ‘आणखी सुंदर’ करायला पुन्हा एआयकडे द्यायचं नाही. ते पाटीही नव्याने रंगवू शकतं, आणि आपला रफार पुन्हा जाऊ शकतो.