मुद्दल किती राहिलं?

पिठाची गिरणी घेण्यासाठी ३ लाखांचं कर्ज मागायला एक ताई शाखेत आल्या होत्या. बँकेच्या कर्जाचं माहितीपत्रक मराठीत नीट करून द्यायचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. आधी कुणीतरी केलेला मसुदा फायलीत होता, तोच मी त्यांना वाचायला दिला. मसुद्यात दोन तऱ्हेचे शब्द होते. काही इंग्रजी शब्द नुसते देवनागरीत उतरवलेले: प्रिन्सिपल, इन्स्टॉलमेंट. काही हिंदी राजभाषेच्या कोशातून जसेच्या तसे उचललेले: मूलधन, संपार्श्विक प्रतिभूती. ताई सातवीपर्यंत शिकलेल्या, हिशेबाला पक्क्या. त्यांनी सावकाश, बोट ठेवून वाचलं. प्रिन्सिपल म्हणजे त्यांच्या मुलाच्या कॉलेजचे सर. ‘संपार्श्विक’पाशी त्या थांबल्या, आणि मान वर करून एकच प्रश्न विचारला, “साहेब, यात माझं घर येतं का?”

घर येत होतं. पण मसुद्याची चारही पानं वाचून ते कळायला मार्ग नव्हता.

त्या दिवशी मी मसुदा बाजूला ठेवला आणि एकेका शब्दाला त्यांच्याच गिरणीच्या कर्जावर घासून पाहिलं. पहिला शब्द प्रिन्सिपल. त्याला मराठीत मुद्दल आहे, आणि तो शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मुद्दल, दर, मुदत, व्याज आणि शेवटी रास, ही गणितं आपण सगळ्यांनी सोडवली आहेत. त्यामुळे शब्दाची अडचण नाही. अडचण शाळेतल्या गणिताची आहे. सरळव्याजाच्या उदाहरणात मुद्दल पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तेवढंच राहतं आणि रास एकदम दिली जाते. बँकेच्या कर्जात आपण दरमहा थोडं थोडं फेडतो, म्हणून मुद्दल दरमहा उतरत जातं, आणि व्याज लागतं ते त्या दिवशी उरलेल्या मुद्दलावर. म्हणून माहितीपत्रकात नुसतं ‘मुद्दल’ लिहून भागत नाही. ‘उचललेलं मुद्दल’ आणि ‘शिल्लक मुद्दल’ असे दोन शब्द वेगळे लिहावे लागतात, कारण कर्जदाराला पुढची पाच वर्षं ज्याच्याशी गाठ आहे ते शिल्लक मुद्दल आहे.

दुसरा शब्द इन्स्टॉलमेंट, म्हणजे हप्ता. हा फारसीतून आलेला, मूळ अर्थ सात दिवसांचा आठवडा. आता तो दर महिन्याला भरायच्या रकमेला रुळला आहे आणि त्याच्या जोडीला ईएमआय हा शब्द तर घरोघरी गेला आहे. ईएमआय म्हणजे समान मासिक हप्ता. पण समान असते ती फक्त भरायची रक्कम. हप्त्याच्या पोटात व्याज किती आणि मुद्दल किती, ही वाटणी दर महिन्याला बदलते, आणि सगळा गैरसमज इथेच होतो.

ताईंचं कर्ज ३,००,००० रुपयांचं, दर वर्षाला १२ टक्के, मुदत ५ वर्षं. वर्षाला १२ म्हणजे महिन्याला १ टक्का. हप्ता बसतो ६,६७३ रुपयांचा. पहिल्या महिन्यात ३ लाखांवर १ टक्का, म्हणजे ३,००० रुपये व्याज. हप्त्यातले हे ३,००० वजा जाऊन उरलेले ३,६७३ रुपये मुद्दलात जमा होतात. शिल्लक मुद्दल राहतं २,९६,३२७. दुसऱ्या महिन्यात व्याज या उरलेल्या रकमेवर, म्हणजे २,९६३ रुपये. हप्ता तेवढाच असल्यामुळे आता मुद्दलात ३,७१० जातात. असं व्याज दरमहा थोडं घटतं आणि मुद्दलाचा वाटा तेवढाच वाढतो. अगदी शेवटच्या, साठाव्या हप्त्यात व्याज असतं सुमारे ६६ रुपये, बाकी सगळं मुद्दल.

आता पहिलं वर्ष संपल्यावर काय दिसतं ते बघा. ताईंनी ८० हजार रुपये भरलेले असतात. साधा हिशेब सांगतो की आता २ लाख २० हजार राहिले. बँक सांगते, सुमारे २ लाख ५३ हजार राहिले. मधले ३३ हजार कुठे गेले म्हणून माणूस काउंटरवर येऊन भांडतो, आणि त्याचा संताप खरा असतो. ते वर्षभराचं व्याज असतं. मुद्दल शिल्लक जास्त असतं तेव्हा व्याजही जास्त, म्हणून पहिल्या वर्षात मुद्दल हळू उतरतं. यात बँकेची लबाडी नाही. पण कर्ज देताना हे कुणी सांगितलं नसेल, तर वर्षाने सांगितलेलं कुणालाही फसवणुकीसारखंच वाटणार.

खरी लबाडी दुसरीकडे होऊ शकते, आणि ती शाळेतल्या त्याच गणिताच्या आडून होते. ‘फ्लॅट रेट १२ टक्के’ असं सांगणारे लोक बाजारात भेटतात. फ्लॅट म्हणजे मुद्दल उतरत असलं तरी व्याज मात्र पाचही वर्षं पुऱ्या ३ लाखांवर. वर्षाला ३६ हजार, पाच वर्षांचं १ लाख ८० हजार. रास ४ लाख ८० हजार, भागिले ६०, म्हणजे हप्ता ८,०००. उतरत्या शिल्लक मुद्दलावर आकारलेलं व्याज ५ वर्षांत साधारण १ लाख ४०० रुपये होतं, फ्लॅटमध्ये १ लाख ८० हजार. दोन्हीकडे पाटीवर आकडा १२ चाच. फ्लॅटचा हा १२ टक्के दर शिल्लक मुद्दलाच्या भाषेत मांडला तर २० टक्क्यांच्या थोडा वरच जातो. म्हणून दर ऐकल्यावर एवढंच विचारायचं: हे व्याज शिल्लक मुद्दलावर की उचललेल्या मुद्दलावर? उत्तरात टाळाटाळ झाली तर तिथून उठावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ताईंचा प्रश्न, घराचा. कोलॅटरल हा तिसरा शब्द, आणि तिघांत सगळ्यात निसरडा. मराठीत तारण म्हटलं की भागतं असं वाटतं. सोनेतारण कर्ज सगळ्यांना माहीत आहे, दागिने बँकेच्या तिजोरीत राहतात आणि कर्ज फिटल्यावर परत मिळतात. पण आपल्याकडच्या बँकांच्या कागदांत तारण दोन प्रकारचं असतं. ज्या वस्तूसाठी कर्ज घेतलं तीच बँकेला बांधलेली असते, ते मूळ तारण. ताईंच्या बाबतीत ती गिरणी. गिरणी दुकानातच राहते, ताईच ती चालवतात, पण कर्ज फिटेपर्यंत बँकेचा तिच्यावर हक्क असतो आणि बँकेला न विचारता ती विकता येत नाही. याला बँकेच्या मराठीत नजरगहाण म्हणतात. हा जुना शब्द मला फार नेमका वाटतो, कारण वस्तू आपल्या ताब्यात आणि बँकेच्या नजरेत.

कोलॅटरल म्हणजे याच्याशिवाय वेगळं मागितलेलं तारण. गिरणी विकूनही पैसे वसूल झाले नाहीत तर हात घालता यावा म्हणून घेतलेलं घर किंवा जमीन. माझ्या पत्रकात मी त्याला ‘जादा तारण’ म्हटलं आणि पुढे लिहिलं: ‘यात तुमचं घर, प्लॉट किंवा शेतजमीन असू शकते. कोणती, ते इथे लिहा.’ आणि खाली मोकळी ओळ ठेवली. जमीन दिली असेल तर सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा बोजा चढतो, हेही लिहिलं. हा बोजा कर्ज फिटल्यावर आपोआप उतरला असेल असं धरून चालू नये. बँकेचा कर्जफेडीचा दाखला तलाठ्याकडे पोचून फेरफार झाला आहे का, हे सातबाऱ्याचा नवा उतारा काढूनच कळतं. दहा वर्षांपूर्वी फिटलेल्या कर्जाचा बोजा जमीन विकताना वर येतो, आणि मग धावपळ होते.

कागदात आणखी एक खड्डा होता, त्यात मी स्वतः जवळजवळ पडलो होतो. करारनाम्यात ‘प्रिन्सिपल डेटर’ असे शब्द येतात. आधीच्या मसुद्यात सरसकट प्रिन्सिपल म्हणजे मूलधन धरलेलं, त्यामुळे तिथे ‘मूलधन ऋणी’ असं काहीतरी तयार झालं होतं. इथे प्रिन्सिपलचा पैशाशी संबंध नाही. तो मुख्य किंवा मूळ या अर्थाने आला आहे: मूळ कर्जदार, म्हणजे ज्याने कर्ज घेतलं तो. हे वाक्य जामीनदारासाठी असतं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. ताईंचे दीर जामीन राहणार होते. ‘फक्त सही करायची आहे’ असं त्यांना घरी सांगितलं गेलं होतं. साक्षीदाराची सही आणि जामीनदाराची सही यातलं अंतर ३ लाख रुपयांचं आहे, हे त्यांना समोर बसवून सांगितलं. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि मग सही केली.

इंग्रजी शब्द पत्रकातून पुरते हाकलावेत असं मात्र मला वाटत नाही. अनेक शाखांत सहीचा करारनामा अजून इंग्रजीत असतो आणि खातेउताऱ्यावर प्रिन्सिपल, इंटरेस्ट असेच रकाने छापून येतात. म्हणून मी प्रत्येक मराठी शब्दाशेजारी इंग्रजी शब्द देवनागरीत ठेवला, म्हणजे तो उताऱ्यावर दिसला की ओळख पटेल.

रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या व्यक्तिगत आणि लघुउद्योगांच्या मुदती कर्जांसाठी बँकांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक केलं आहे. कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत ते द्यायचं असतं, त्यातला मजकूर समजावून सांगायचा असतो आणि समजल्याची पोच घ्यायची असते. त्यात व्याज आणि इतर सगळे आकार मिळून येणारा वर्षाचा खरा दर असतो, आणि प्रत्येक हप्त्यात व्याज किती, मुद्दल किती हे दाखवणारा परतफेडीचा तक्ताही असतो. ताईंनी तो तक्ता गिरणीच्या भिंतीवर चिकटवला आहे. हप्ता भरला की त्या ओळीवर खूण करतात.

तुम्हीही कर्ज घेणार असाल तर हे कागद मराठीत मागा आणि समजल्याशिवाय पोचेवर सही करू नका. कर्ज पूर्ण फिटल्यावर घराचे मूळ कागद ३० दिवसांच्या आत परत द्यायचे आणि नोंदलेला बोजा काढायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. शेवटचा हप्ता भराल ती तारीख लिहून ठेवा.