नियम बनवला, तरी मेल इनबॉक्समध्येच

वीजबिलाचे मेल आपोआप ‘बिले’ या फोल्डरमध्ये जावेत, असा नियम थंडरबर्डमध्ये केला आणि संध्याकाळी कॉम्प्युटर बंद केला. रात्री आलेलं बिल मोबाइलवर मात्र इनबॉक्समध्येच दिसतं. यात बिघाड काही नाही. हा नियम तुमच्या कॉम्प्युटरवर साठवलेला असतो, मेल कंपनीच्या सर्व्हरला त्याचा पत्ताच नसतो. थंडरबर्ड सर्व्हरवरून नवा मेल आणतं तेव्हा नियम तपासतं आणि मग सर्व्हरला ‘हा तिकडे हलव’ असं सांगतं. सांगणाराच बंद असेल, तर मेल हलवणार कोण?

दुसरी अडचण जास्त फसवी आहे. आयमॅप पद्धतीत प्रत्येक फोल्डरला ‘सबस्क्राइब’ केल्याची खूण असते, आणि थंडरबर्ड एरवी तेवढेच फोल्डर दाखवतं. ‘बिले’ची खूण निघाली, तर फोल्डर सर्व्हरवर शाबूत असतो, वेबमेलमध्ये दिसतोही, पण थंडरबर्डच्या लेखी तो नसतोच. मग नियमाला मेल टाकायला जागा उरत नाही. ओळखायची खूण हीच: वेबमेलमध्ये आहे, डावीकडच्या यादीत नाही. खात्याच्या नावावर राइट-क्लिक करून Subscribe मध्ये टिक करा, मग नियमाचं ठिकाण पुन्हा निवडा. साचलेल्या मेलसाठी Tools मधलं Run Filters on Folder आहे.

चोवीस तास वर्गवारी हवी असेल, तर नियम वेबमेलच्या सेटिंगमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच करावा. जीमेलचे फिल्टर तसेच चालतात.