डिस्चार्ज कार्ड उतरवून घेताना

अँजिओप्लास्टी होऊन वडील घरी आले, की डिस्चार्ज कार्डचा फोटो घरच्या ग्रुपवर येतो. तो वहीत तीन मथळ्यांखाली उतरवून घ्यावा: निदान, घरी घ्यायची औषधे, पुन्हा कधी दाखवायचे.

निदान शब्दशः लिहावे. खरी काळजी घ्यायची ती औषधांची. प्रत्येक गोळीचे नाव, मिलिग्रॅम, वेळ आणि किती दिवस, हे चारही हवे. ‘अ‍ॅटोरव्हास्टॅटिन 40, 0-0-1’ म्हणजे रात्री एक. ‘बीडी’ म्हणजे दिवसातून दोनदा, ‘एसओएस’ म्हणजे त्रास झाला तरच. कागदाची घडी नेमकी आकड्यावरून गेलेली असली, तर 2.5 मधला ठिपका दिसत नाही आणि मात्रा दहापट होऊन बसते. तिथे अंदाज नको; ‘वाचता येत नाही’ असे लिहून रुग्णालयात विचारावे. ॲडमिट असताना दिलेल्या इंजेक्शनांची यादी कार्डावर वेगळी असते, ती घरच्या औषधांत मिसळू नये.

शेवटच्या मथळ्याखाली तारीख, न्यायचे रिपोर्ट आणि कोणत्या त्रासात लगेच यायचे, ते लिहावे. स्टेंट बसवल्यानंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मनाने बंद केल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, म्हणून हेही तिथेच ठळक लिहा. मग घरातल्या दुसऱ्या कुणाकडून सगळे मूळ कार्डाशी ताडून घ्या.