अर्धा पैसा कुणाकडे जातो?

बुऱ्हाणपूरच्या यंत्रमागावर विणलेले ग्रे कापड एकाच गोदामातून दोन दिशांना जाते. काही इंदूरला, म्हणजे मध्य प्रदेशातच; काही रावेर ओलांडून भिवंडी-मालेगावकडे, म्हणजे महाराष्ट्रात. कापडावरचा जीएसटी दोन्हीकडे ५ टक्केच. तरीही तोच माल, तोच दर आणि तेवढेच मीटर असताना दोन बिलांच्या बेरजेत दहा पैशांचा फरक पडू शकतो. पेढीवरच्या संगणकातून बिल दुसऱ्या प्रणालीत गेले की हाच फरक कधी वीस पैशांचा, कधी चक्क एका रुपयाचा होतो. मुनीम रात्री उशिरापर्यंत चुकलेले बिल शोधत बसतो आणि चुकलेले बिल कुठेच नसते.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. दहा ताके, प्रत्येक १०० मीटरचा, दर मीटरला २३ रुपये ६५ पैसे. प्रत्येक ताक्याची बिलात वेगळी ओळ. एका ओळीची किंमत २,३६५ रुपये, दहांची २३,६५०.

माल भिवंडीला गेला तर राज्याबाहेरची विक्री म्हणून ५ टक्के आयजीएसटी लागतो. एका ओळीवर ११८.२५ रुपये, नेमके. दहा ओळींचे १,१८२.५० आणि बिल २४,८३२.५० रुपयांचे. ओळीओळीने मोजा नाहीतर एकदम मोजा, आकडा तोच.

माल इंदूरला गेला तर तो कर निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा: अडीच-अडीच टक्के. आता एका ओळीवर प्रत्येकी ५९.१२५ रुपये येतात. पैशाला तर दोनच दशांश स्थळे. हा शेवटचा अर्धा पैसा वर ढकलायचा की सोडायचा? वर ढकलला तर ५९.१३. दहा ओळींचे ५९१.३०, दोन्ही कर मिळून १,१८२.६०, बिल २४,८३२.६०. सोडला तर ५९.१२, आणि बिल २४,८३२.४०. कर ओळीवर न मोजता एकूण रकमेवर मोजला तर मात्र २४,८३२.५०. तीन उत्तरे, तिन्हींचे गणित बरोबर.

पुढे बिल पूर्ण रुपयात करताना खरी गंमत होते. २४,८३२.६० आणि २४,८३२.५० दोन्हींचे २४,८३३ होतात, पण २४,८३२.४० चे २४,८३२. दहा पैशांची दरी पन्नास पैशांच्या उंबरठ्यावर आली की एका उडीत रुपयाची होते. म्हणून विक्रेत्याकडे ३३ आणि खरेदीदाराकडे ३२ दिसले, तर मागे मोठी चूक असेलच असे नाही.

असा नेमका अर्धा पैसा क्वचित येत असेल, असे वाटेल. अडीच टक्क्यांच्या बाबतीत तसे नाही. एका रुपयावर अडीच टक्के म्हणजे अडीच पैसे. त्यामुळे ओळीची रक्कम पूर्ण रुपयात असेल आणि रुपये विषम असतील, तर अर्धा पैसा हमखास उरतो. २,३६४ वर उरत नाही, २,३६५ वर उरतो. शंभर मीटरचे ताके आणि पाच पैशांच्या पटीतले दर असले की ओळीची रक्कम पूर्ण रुपयातच येते. म्हणजे ज्या धंद्यात आकडे सर्वांत सुटसुटीत, तिथेच हा अर्धा पैसा सर्वांत जास्त वेळा उभा राहतो.

त्याचे काय करायचे याचे नियमही एकसारखे नाहीत. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नये पैसे झाले, तेव्हा एक आणा सव्वासहा नये पैशांचा होता. सरकारी रूपांतर तक्त्यात एक आणा म्हणजे ६ आणि दोन आणे म्हणजे साडेबारा नव्हे, १२ नये पैसे. अर्धा खाली सोडलेला. एकेक आणा सुटा बदलत गेलो तर सोळा आण्यांचे ९६ नये पैसे होत, एकदम बदलला तर शंभर. ओळीओळीने आणि एकदम मोजण्यातला फरक तोच. आजच्या जीएसटी कायद्याचे कलम १७० कर पूर्ण रुपयात बसवताना उलट सांगते: पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर वरचा रुपया, कमी असतील तर सोडून द्या.

संगणकाच्या काही भाषांमध्ये तिसरा एक नियम मुरलेला आहे. अर्धा आला की जवळच्या सम अंकाकडे जायचे, म्हणजे कधी वर, कधी खाली, आणि लांबलचक बेरजेत दोन्ही बाजू एकमेकींना फेडतात. नियम विचारपूर्वक केलेला आहे, पण रकमा वेगवेगळ्या असतील तरच तो चालतो. आपल्या दहाही ओळी ५९.१२५ च्या आहेत. त्या दहाही ५९.१२ कडे जातात आणि फेड होतच नाही.

त्यावर द्विमान साठवणुकीची भर. संगणक नेहमीच्या दशांश अपूर्णांकांना शून्य-एकच्या मांडणीत बसवतो, आणि २.६७५ सारखी संख्या तिथे नेमकी बसत नाही. आत ती २.६७४९९९… अशी राहते. १०७ रुपयांवर अडीच टक्के म्हणजे हीच रक्कम. पायथॉनमध्ये पाहा:

```
>>> round(2.675, 2)
2.67
>>> from decimal import Decimal, ROUND_HALF_UP
>>> Decimal("2.675").quantize(Decimal("0.01"), ROUND_HALF_UP)
Decimal('2.68')
```

सम अंकाचा नियम पाळला असता तरी उत्तर २.६८ यायला हवे होते. इथे नियमाची वेळच आली नाही, कारण संगणकाला तो अर्धा पैसा दिसलाच नाही. पैशाच्या हिशेबासाठी दशांश प्रकार वापरावा किंवा सगळ्या रकमा पूर्ण पैशांत, अपूर्णांकाविना साठवाव्यात, हा आग्रह मी मुळीच सोडणार नाही.

यापेक्षा मोठा घाव दराच्या दशांशांचा असतो. करासकट २४.८० रुपये मीटर असा सौदा ठरला. कर वजा करून मूळ दर येतो २३.६१९०४७… एका प्रणालीने तो २३.६२ धरला. हजार मीटरला २३,६२० रुपये, त्यावर कर १,१८१, एकूण २४,८०१. सौदा होता २४,८०० चा. ई-इन्व्हॉइसच्या साच्यात दराला तीन दशांश मिळतात, २३.६१९ धरला तर २४,७९९.९५ येतात. इथे चूक गुणाकाराच्या आधी झाली, म्हणून ती मीटरच्या संख्येने वाढली. दर कापून मग गुणण्याऐवजी एकूण रकमेतून कर वेगळा काढावा: २४,८०० भागिले १.०५, म्हणजे २३,६१९.०५, कर १,१८०.९५, बेरीज बरोबर २४,८००.

दोन प्रणालींचा मेळ बसत नसेल तेव्हा आधी बिलातल्या ओळी मोजाव्यात. एक बाजू ओळीवर आणि दुसरी एकूण रकमेवर कर मोजत असेल, तर प्रत्येक ओळीमागे प्रत्येक करात जास्तीत जास्त अर्धा पैसा सरकतो, आणि एकूण कर पैशांत बसवताना प्रत्येक करात फार तर आणखी अर्धा. दहा ओळी, दोन कर: अकरा पैसे. दोन्ही बाजू ओळीवरच मोजत असून नियम वेगळे असतील तर ओळीमागची मर्यादा दुप्पट, एकूण वीस पैसे. रुपयात करण्यापूर्वीचा फरक याच्या आत असेल तर तो गोल करण्याचा. बाहेर असेल, तर दराचे दशांश तपासावेत, आणि तेही जुळले तर मग खरोखर गहाळ बिल शोधावे. तुलना मात्र रुपयात आणण्यापूर्वीच्या आकड्यांची करावी. नंतरच्या आकड्यांत तो उंबरठा मध्ये येतो.

दुरुस्ती एकाच जागी होते. कर जिथे बिल बनते तिथे एकदा मोजावा, आणि पुढच्या प्रणालीला टक्का न पाठवता प्रत्येक ओळीवरचा कराचा आकडा पाठवावा. तिने तो पुन्हा मोजू नये, जसाच्या तसा उतरवून घ्यावा. रुपयात करताना वाढवलेले किंवा सोडलेले पैसे स्वतंत्र राउंड ऑफ खात्यात जावेत. ई-इन्व्हॉइसच्या साच्यात त्यासाठी `RndOffAmt` हा वेगळा रकाना आहे. इंदूरच्या बिलात तिथे ०.४० येईल: २४,८३२.६० आणि ०.४०, मिळून २४,८३३.