लॅपटॉप कुरकुरतो, तो बिघडलाय का?

रात्री घर शांत झालं की काही लॅपटॉपमधून एक बारीक आवाज ऐकू येतो. वेबपेज वर-खाली सरकवलं की 'चिर्र' होतं, बोट थांबलं की आवाजही थांबतो. शाळकरी मुलाला तो स्पष्ट ऐकू येतो आणि शेजारी बसलेल्या वडिलांना काहीच जाणवत नाही. यात मुलाचा भ्रम नसतो. वय वाढतं तसे उंच पट्टीतले आवाज कानाला कमी ऐकू येतात. नव्या, महागड्या लॅपटॉपमधून असा आवाज आला की पहिली शंका येते ती शॉर्ट सर्किटची. बहुतेक वेळा ही शंका चुकीची असते.

या आवाजाला कॉइल व्हाइन म्हणतात. लॅपटॉपचा चार्जर साधारण 19-20 व्होल्ट देतो, पण प्रोसेसरला लागतो जेमतेम एक व्होल्ट. त्यामुळे मदरबोर्डवर प्रोसेसरच्या आजूबाजूला छोट्या चौकोनी कॉइल बसवलेल्या असतात. एक सर्किट वीजपुरवठा सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करतं आणि कॉइल त्या तुकड्यांमधून सलग, कमी दाबाचा प्रवाह तयार करते. प्रवाह बदलला की कॉइलभोवतीचं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि तिची तार व गाभा किंचित थरथरतात. नाक्यावरच्या डीपीची घूं घूं याच जातीची असते. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची असल्याने डीपी मुख्यतः 100 हर्ट्झवर गुणगुणते. बोर्डवरचे सिरॅमिक कपॅसिटरही व्होल्टेज बदललं की सूक्ष्म प्रमाणात आकसतात-फुगतात आणि आवाजात भर घालतात.

मग हा आवाज सतत का येत नाही? माणसाच्या कानाला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंतचेच आवाज ऐकू येतात. सेकंदाला लाखो वेळा होणारी थरथर त्याच्या कितीतरी पलीकडे असते. पण काम हलकं असताना वीज वाचवण्यासाठी हे सर्किट मधले ठोके गाळतं, प्रोसेसर क्षणात झोपतो आणि क्षणात जागा होतो. ही ये-जा सेकंदाला काही हजार वेळा होऊ लागली की ती कानाच्या टप्प्यात येते. म्हणूनच पान सरकवताना चिर्र होतं आणि एखादं जड काम सलग चालू असताना आवाज गायब होऊ शकतो. उलट, गेमच्या साध्या मेन्यूवर ग्राफिक्स चिप सेकंदाला शेकडो चित्रं काढू लागली की तीही किंचाळते. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम रेट 60 वर बांधला की ती बहुधा शांत होते.

याच गुणावरून पारख करता येते. कागदाची सुरळी कानाला लावून दुसरं टोक कीबोर्डवर फिरवा आणि आवाज कुठून येतो ते शोधा. मग पान सरकवा, व्हिडिओ लावा, चार्जर काढून बॅटरीवर चालवा, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करा. कामाप्रमाणे आवाजाची पट्टी बदलत असेल तर ती कॉइल व्हाइन समजा. उजेडाबरोबर बदलत असेल तर तो स्क्रीनच्या बॅकलाइट सर्किटचा असतो. घरघर पंख्याच्या वेगाबरोबर वाढत असेल तर पंख्यात धूळ अडकली आहे किंवा त्याचं बेअरिंग झिजलंय, आणि ते दुरुस्त होतं. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल आणि ती टकटक करू लागली तर आधी डेटाची कॉपी काढा.

कॉइल व्हाइन असह्य होत असेल तर विंडोजच्या Power Options मध्ये Maximum processor state हा पर्याय शोधून 100 ऐवजी 99 टक्के करून पाहा. बऱ्याच लॅपटॉपवर त्याने प्रोसेसरची टर्बो धाव थांबते; वेग थोडा कमी होतो, आवाजही घटू शकतो. काही लॅपटॉपवर हा पर्याय दिसतच नाही. कॉइलवर स्वतः गोंद ओतायला जाऊ नका. वॉरंटी जाईल आणि बोर्डही.

खरा धोका वेगळ्या आवाजात असतो. चार्जरमधून किंवा प्लगमधून तडतड येणं, पिन हलवली की ठिणगी दिसणं, जळका वास, हात लावता येणार नाही इतका तापलेला अडॅप्टर, लॅपटॉप अचानक बंद पडणं, यांतलं काहीही दिसलं तर बटण बंद करून चार्जर काढा आणि तो पुन्हा वापरू नका. हेडफोनमध्ये फक्त चार्जिंगच्या वेळी घरघर येत असेल तर आधी सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या.

एवढी लक्षणं नसतील तर चिरचिरणारा लॅपटॉप निर्धास्त वापरा. कंपन्याही सहसा हा आवाज दोष मानत नाहीत. त्यामुळे नवा लॅपटॉप घेतल्यावर पहिल्याच दिवशी शांत खोलीत तो ऐकून पाहा. खटकला तर परतीची मुदत संपण्याआधीच बदलून मागा.