ताळमेळ जुळला, पण फरक उरला

मार्चअखेर जवळ आली की लहानमोठ्या संस्थांच्या कार्यालयांत बँकेचा ताळमेळ घ्यायला सुरुवात होते. एक्सेलमध्ये आरंभीची शिल्लक मांडायची, त्यात जमा मिळवायची, खर्च वजा करायचा आणि येईल त्या आकड्यातून पासबुकातली शिल्लक वजा करायची. सगळं बरोबर असेल तर शेवटच्या रकान्यात शून्य यायला हवं. तिथे कधी कधी `1.45519E-11` असं काहीतरी उमटतं. याचा अर्थ दशांशचिन्हानंतर दहा शून्यं आणि मग १४५५१९. शेजारच्या रकान्यात ‘फरक शून्य असेल तर जुळले’ असं सूत्र घातलेलं असेल, तर ते ठामपणे ‘जुळले नाही’ म्हणतं. मग बिचारा हिशेबनीस एकेक पावती पुन्हा काढून बसतो. नोंदी बरोबर असतात, पासबुक बरोबर असतं, कुणी एक पैसाही चुकवलेला नसतो. तरीही फरक काही जात नाही.

हा फरक बेरजेत शिरत नाही, त्याच्या आधीच शिरतो. आपण १० पैसे म्हणून 0.10 टाइप करतो त्याच क्षणी तो पडलेला असतो.

संगणक आकडे साठवतो ते दोनाच्या पटीत. पूर्णांकाच्या पुढचा भाग त्याला अर्धा, पाव, अष्टमांश, सोळांश अशाच तुकड्यांतून जुळवावा लागतो. अर्धा रुपया सोपा आहे, पाऊण रुपयाही सोपा आहे: अर्धा अधिक पाव. पण एक दशांश? सोळांश आणि बत्तिसांश मिळून ०.०९३७५ होतात. त्यात एक भागिले २५६ मिळवला की ०.०९७६५६२५. त्यात एक भागिले ५१२ मिळवला की ०.०९९६०९३७५. असं जवळ जवळ जात राहायचं, पण ०.१ वर नेमकं कधीच पोचता येत नाही. कारण दहामध्ये पाच हा अवयव आहे आणि दोनाला कितीही वेळा दोनाने गुणलं तरी त्यात पाच येत नाही. आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश ०.३३३३ असा अखंड चालू राहतो, त्याचंही कारण हेच: दहामध्ये तीन हा अवयव नाही.

म्हणजे रुपयाच्या शंभर पैशांपैकी संगणकाला नेमके साठवता येतात ते फक्त ०, २५, ५० आणि ७५ पैसे. उरलेल्या शहाण्णव रकमा तो जवळच्या आकड्यावर भागवतो. जुन्या पिढीला यात ओळखीचं काही दिसेल. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते. आणा म्हणजे सोळांश, पैसा म्हणजे चौसष्टांश. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे सगळे पाढेसुद्धा अर्ध्या-पाव्याचेच. तो हिशेब आजच्या संगणकात तसूभरही न ढळता बसला असता. अडली असती ती फक्त पै, कारण एका पैशात तीन पै होत्या आणि तिथे तीन हा अवयव आडवा येतो.

हे आकडे साठवण्याची सर्वमान्य रीत १९८५ साली ठरली. तिचं नाव आयईईई ७५४. ती घडवण्यात विल्यम काहान या गणितज्ञाचा मोठा वाटा होता आणि १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. या रीतीत नेहमीच्या आकड्याला ५३ द्विमान स्थानं मिळतात, म्हणजे आपल्या भाषेत साधारण पंधरा ते सोळा अंक. दशांशचिन्ह त्या अंकांत कुठेही सरकू शकतं, म्हणून याला फ्लोटिंग पॉइंट म्हणतात. अंकांची संख्या मात्र ठरलेली असते.

आता फरक उमटतो कसा ते एका उदाहरणात पाहू. ५० पैसे जमा, ४० पैसे खर्च, मग १० पैसे खर्च. बाकी शून्य. एक्सेलच्या एखाद्या घरात हे टाइप करा:

```
=1*(0.5-0.4-0.1)
```

उत्तर येतं `-2.78E-17`. यातले ५० पैसे संगणकात नेमके आहेत. ४० पैसे साठवले गेलेत ०.४०००००००००००००००२२२ असे, म्हणजे किंचित जास्त. पहिली वजाबाकी संगणक अगदी अचूक करतो आणि उरतात ०.०९९९९९९९९९९९९९९९७७८. दहा पैसे साठवलेले असतात ०.१००००००००००००००००५५५ असे, तेही किंचित जास्त. दुसरी वजाबाकीही अचूकच होते. उरतो तो उणे फरक, सतराव्या दशांश स्थळावरचा. म्हणजे दोन्ही वजाबाक्या बिनचूक होऊनही उत्तर शून्य आलं नाही. मोठे अंक एकमेकांना खाऊन गेले आणि आधीपासून लपून बसलेली कसर तेवढी उघडी पडली. ‘फरक’ या रकान्यातच हे भूत का दिसतं, याचं उत्तर इथे आहे. बेरीज ९८,४५०.६० असेल तेव्हा अकराव्या दशांश स्थळावरची कसर कुणाला दिसत नाही, पण त्यातून तेवढीच रक्कम वजा केली की फक्त तीच उरते.

वरच्या सूत्रातलं `1*` आणि कंस काढून टाकले तर मात्र एक्सेल शून्य दाखवतं. शेवटच्या वजाबाकीचं उत्तर शून्याच्या फारच जवळ असेल तर ते शून्यच धरायचं, अशी सोय त्यात आहे. सोय चांगल्या हेतूने केलेली, पण त्यामुळे एकाच हिशेबाची दोन उत्तरं दिसतात आणि गोंधळ वाढतो.

यंत्राची कसर आणि माणसाची चूक वेगळी कशी ओळखायची? आकड्यावरूनच. संगणकाला साठवता येणाऱ्या दोन लगतच्या आकड्यांमधलं अंतर रकमेनुसार बदलतं. ६५,५३६ ते १,३१,०७२ या टप्प्यात ते असतं १.४५५१९ गुणिले दहाचा उणे अकरावा घात. म्हणून लाखाच्या आसपासच्या ताळमेळात `1.45519E-11` किंवा त्याची दुप्पट, चौपट पुन्हा पुन्हा भेटते. कोटीच्या घरात तेच अंतर `1.86265E-09` होतं. शेवटी असं E-09, E-11 दिसलं तर पावत्या काढायची गरज नाही. फरक ०.०१, ०.५० किंवा ९ चा असेल तर मात्र तो खरा आहे. तो गोल करून झाकू नये, शोधूनच काढला पाहिजे.

कसर यंत्राची असेल तिथे राउंडिंग हा पक्का उपाय आहे. हिशेबाला पैशाहून लहान एकक माहीतच नाही आणि कसर अर्ध्या पैशापेक्षा कोट्यवधी पटींनी लहान आहे, त्यामुळे जवळच्या पैशाला नेलं की आकडा खऱ्या रकमेवरच येऊन बसतो. तुलना करणारं सूत्र असं लिहावं:

```
=IF(ROUND(D40,2)=0,"जुळले","फरक")
```

रकान्याला फक्त दोन दशांशांचं फॉरमॅट देऊन हे साधत नाही. त्याने डोळ्यांना ०.०० दिसतं, पण घरातला मूळ आकडा तसाच राहतो आणि सूत्र त्या मूळ आकड्याशीच तुलना करतं. पडद्यावर ०.०० आणि शेजारी ‘जुळले नाही’, हा छळ बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो.

राउंडिंग हरतं ते बरोबर अर्ध्यावर. ५३.५० रुपयांवर ५ टक्के कर म्हणजे २.६७५ रुपये. आता हा अर्धा पैसा वर न्यायचा, २.६८ करायचे. पायथॉन या संगणकीय भाषेत हाच हिशेब दोन प्रकारे मांडून पाहा:

```
>>> round(53.50 * 0.05, 2)
2.68
>>> round(53.50 * 5 / 100, 2)
2.67
```

रक्कम तीच, दर तोच, उत्तरात एका पैशाचा फरक. ०.०५ मुळातच किंचित जास्त साठवला जातो, त्यामुळे पहिला गुणाकार अर्ध्या पैशाच्या जरासा वर जातो. दुसऱ्या रीतीत २६७.५ ला शंभराने भागल्यावर संगणकाला मिळणारा सर्वांत जवळचा आकडा २.६७४९९९९९९९९९९९९९८ आहे, म्हणून तो खाली येतो. एरवी सतराव्या अंकात दडलेली कसर इथे थेट बिलावर उतरली. एका दुकानाच्या बिलिंगमध्ये पहिली रीत आणि हिशेबाच्या प्रणालीत दुसरी असेल, तर दोन्हीकडे राउंडिंग असूनही ताळमेळ जुळणार नाही.

याच जागी आणखी एक फरक नेहमी संगणकाच्या माथी मारला जातो, जो त्याचा नाही. १०.४० रुपयांच्या तीन वस्तू, प्रत्येकीवर ९ टक्के केंद्रीय जीएसटी. एका वस्तूचा कर ०.९३६, म्हणजे ०.९४. तिन्ही मिळून २.८२. पण आधी बेरीज करून ३१.२० वर कर काढला तर २.८०८, म्हणजे २.८१. हा पैसा वहीवर पेन्सिलीने हिशेब केला तरी पडेल. ओळीगणिक गोल करायचं की बेरजेवर, हे आधी ठरवून सगळीकडे तेच पाळणं एवढाच यावर इलाज आहे.

दर पायरीला आकडा छाटत गेलं की काय होतं, याचा मोठा धडा कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराने दिला. त्यांचा निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १००० वर सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने काढला जाई आणि तीन दशांशांपुढचे अंक जवळच्या आकड्यावर न नेता सरळ कापले जात. कापणं नेहमी खालीच नेतं, त्यामुळे कसर एकाच दिशेने साचत गेली. नोव्हेंबर १९८३ मध्ये निर्देशांक ५२४.८११ दाखवत होता. दुरुस्ती केल्यावर तो निघाला १०९८.८९२.

म्हणून हिशेबाच्या प्रणाली लिहिणारे जाणकार रुपये फ्लोटिंग पॉइंटमध्ये ठेवतच नाहीत. ते सगळी रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवतात किंवा डेटाबेसमधला `DECIMAL` हा दशमान प्रकार वापरतात. पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी नेमकी होते, आणि एक्सेलसारख्या ५३ स्थानांच्या आकड्यातही सुमारे ९० लाख कोटी रुपयांपर्यंतचा प्रत्येक पैसा नेमका मावतो. टक्केवारी आली की अर्धवट पैसे तिथेही निघतात. १०४० पैशांवर ९ टक्के म्हणजे ९३.६ पैसेच. पण आता ते वर न्यायचे की खाली, हे साठवणीतल्या कसरीवर अवलंबून राहत नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७० ने भरायच्या कराच्या रकमेसाठी नियम घालून दिला आहे: जवळचा पूर्ण रुपया धरायचा, पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर वरचा, कमी असतील तर सोडून द्यायचे.